तलावापलीकडचं देऊळ आणि टॅनचं सूत्र

तलावाच्या एका काठावर देऊळ आहे, दुसऱ्या काठावर जुना वड. दोघांमधलं सरळ अंतर हवं आहे, पण मधे पाणी असल्यामुळे तिथून टेप ओढता येत नाही. अशा वेळी बाजूच्या माळावर एक खुंटी ठोकायची, जिथून दोन्हीकडे कोरड्या जमिनीवरून जाता येईल. समजा, खुंटीपासून देऊळ ७०० मीटर भरलं आणि वड ५०० मीटर. खुंटीवर थिओडोलाइट लावून दोन्हींकडे पाहिलं, तर मधला कोन ७२ अंश आला. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन कळला की त्रिकोण पक्का होतो. उरलेले दोन कोन आणि तिसरी बाजू काढायची एवढंच.

शाळेत शिकलेलं कोसाइनचं सूत्र इथे चालतं. मात्र त्यात वर्गांची बेरीज करून त्यातून एक गुणाकार वजा करावा लागतो, आणि लॉग टेबल नेमकं तिथे अडतं. लॉगमुळे गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी होते. पण मुळातल्या बेरीज-वजाबाकीपुढे लॉगचं काही चालत नाही. म्हणजे पुन्हा पुन्हा अँटिलॉग काढा, बेरीज करा, परत लॉग घ्या. सूत्रात फक्त गुणाकार-भागाकार असतील तर हा त्रास वाचतो, आणि टॅनचं सूत्र तसंच आहे.

ते असं: दोन बाजूंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागा. जो भागाकार येईल, तोच समोरच्या दोन कोनांच्या फरकाच्या निम्म्याच्या टॅनला त्यांच्या बेरजेच्या निम्म्याच्या टॅनने भागल्यावर येतो. कोनांची बेरीज आपल्याला आधीच माहीत असते, ही यातली खुबी. १८० मधून ७२ गेले, राहिले १०८, निम्मे ५४. बाजूंचा फरक २००, बेरीज १२००, म्हणजे भागाकार एक षष्ठांश. टॅन ५४° म्हणजे १.३७६४, त्याचा सहावा हिस्सा ०.२२९४. टेबलात हा आकडा १२ अंश ५५ मिनिटांपाशी सापडतो. हा झाला निम्मा फरक. तो ५४ मध्ये मिळवला की मोठा कोन ६६° ५५′ आणि वजा केला की लहान कोन ४१° ५′. मोठा कोन मोठ्या बाजूसमोर, म्हणजे ७०० मीटरच्या बाजूसमोर, वडापाशी. ही अदलाबदल झाली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे क्षणभर थांबावं. नंतर साइनच्या सूत्राने देऊळ ते वड अंतर निघतं: सुमारे ७२४ मीटर.

हे खरं का, ते एका वर्तुळात दिसतं, आणि मला ही आकृती फार आवडते. खुंटी केंद्र धरून ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते वडातून जाईल. देवळाकडून खुंटीकडे येणारी रेघ पुढे वाढवली की ती वर्तुळाला दोनदा छेदते. देवळापासून जवळचा छेद २०० मीटरवर, लांबचा १२०० मीटरवर: फरक आणि बेरीज जमिनीवरच उमटले. हे दोन छेद व्यासाची टोकं असल्यामुळे वडापासून त्यांच्याकडे काढलेल्या रेघांमध्ये काटकोन होतो. जवळच्या छेदापाशी व्यास आणि वडाकडची रेघ यांत निम्म्या बेरजेचा कोन, ५४ अंश, असतो. वडापाशी देवळाची दिशा आणि त्या छेदाची दिशा यांत निम्म्या फरकाचा. आता जवळच्या छेदातून, लांबचा छेद व वड जोडणाऱ्या रेघेला समांतर रेघ देवळाच्या बाजूपर्यंत काढा. देवळापाशी दोन समरूप त्रिकोण तयार होतात आणि दोन टॅनचं गुणोत्तर २०० ला १२०० असं मिळतं.

थॉमस फिंके या डॅनिश गणितज्ञाने १५८३ च्या पुस्तकात हे सूत्र दिलं. 'टॅन्जंट' हे नावही त्याच पुस्तकातलं. नेपियरचे लॉग त्यानंतर ३१ वर्षांनी, १६१४ मध्ये आले. तरी आपल्याकडे बारावीच्या पुस्तकातून हे सूत्र नेपियरच्या नावाने शिकवलं गेलं.

आज कॅल्क्युलेटर असताना तलावाचं अंतर कोसाइनने काढणंच सोपं. पण त्रिकोण सुईसारखा अरुंद असला की पाहा. बाजू १००० आणि ९९९ मीटर, मधला कोन १ अंश. चार आकडी टेबलातला कोसाइन ०.९९९८ घेतला, तर वीस लाखांच्या जवळपासच्या दोन संख्यांची वजाबाकी होते आणि तिसरी बाजू २० मीटर येते. खरी बाजू साडेसतरा मीटरला थोडी कमी आहे. त्याच चार आकडी टेबलातून आधी टॅनच्या सूत्राने कोन आणि मग साइनने बाजू काढली, तर उत्तर १७.५ येतं.