‘नाही’ला जागा असलेली स्क्रिप्ट

“नमस्कार, मी अमुक कंपनीतर्फे बोलत आहे. आपल्या अमूल्य वेळेतील दोन मिनिटं मिळू शकतील का? आपल्यासारख्या निवडक ग्राहकांसाठी आम्ही एक सुवर्णसंधी घेऊन आलो आहोत...”

वॉटर प्युरिफायरच्या वार्षिक देखभाल कराराची, म्हणजे एएमसीची, विक्री करणाऱ्या टेलिकॉलरच्या हातात असा कागद असतो. तीन वाक्यं झाली तरी फोन कशाबद्दल आहे हे कळत नाही. समोरची व्यक्ती बसमध्ये उभी असेल, नाहीतर गॅसवर कुकर असेल. विषय कळेपर्यंत थांबायला तिला काहीच कारण नसतं, म्हणून ती फोन ठेवते. खरं तर तिच्याकडे त्याच कंपनीचं मशीन आहे आणि करार पुढच्या महिन्यात संपतोय. तिच्या कामाची गोष्ट होती, पण ती तिच्यापर्यंत पोचलीच नाही.

तोच कागद नव्याने लिहू या. “नमस्कार मॅडम, मी स्नेहा, तुमच्या वॉटर प्युरिफायरच्या कंपनीतून. तुमची एएमसी पुढच्या महिन्यात संपतेय, त्यासाठी फोन केलाय. मिनिटभर बोलू का, की नंतर करू?” नाव, कंपनी, कारण, लागणारा वेळ आणि नकाराची वाट, हे सगळं पंधरा सेकंदांच्या आत आलं. ‘अमूल्य वेळ’ हे शब्द गेले आणि वेळ खरोखर वाचला. मात्र मिनिट सांगितलं तर मिनिटच घ्यायचं. कॉलरने स्वतःहून बोलायचा भाग मोठ्याने वाचून मोबाइलवर वेळ लावावा. तो मिनिटाबाहेर गेला तर मजकूर कापायचा, बोलण्याचा वेग वाढवायचा नाही.

भाषेची कसोटीही वाचूनच लागते. ‘उपलब्ध करून देण्यात येत आहे’ असं घरी कोणी बोलत नाही, ‘मिळेल’ म्हणतो. एका दमात संपत नाही ते वाक्य तोडावं. आणि प्रत्येक दोन वाक्यांनंतर कागदावर ठळक लिहावं : ‘थांबा’. ही सूचना नसेल तर नवखी कॉलर घाबरून पुढचं वाचत सुटते आणि समोरच्याचा “अहो, पण...” तिच्या आवाजाखाली बुडतो.

आता हरकती. जुन्या कागदात प्रत्येक नकाराला एक ‘तोड’ असते, जणू वाद जिंकायचा आहे. नव्या कागदात आधी ओळखायचं, की ही शंका आहे की नकार. “महाग आहे हो” ही शंका आहे. समजा करार ४,२०० रुपयांचा आहे. “पण सर, यात खूप फायदे आहेत” हे उत्तर नव्हे. उत्तर असं : “बरोबर आहे, रक्कम कमी नाही. यात दोन व्हिजिट, सगळे फिल्टर आणि मेम्ब्रेन येतं. गेल्या वर्षी तुमचं मेम्ब्रेन बदललं होतं का?” बदललं असेल तर यंदा कदाचित लागणार नाही, आणि फक्त सर्व्हिसचा स्वस्त प्लॅन असेल तर तोच सांगायचा. तेवढी मुभा कंपनीने कॉलरला द्यायला हवी.

“आमचा ठरलेला माणूस आहे” यावर त्या माणसाला नावं ठेवायची नाहीत. “ओरिजिनल पार्ट लागले तर आमच्याकडे मिळतात, नंबर मेसेज करू का?” एवढंच विचारून थांबायचं. “नंबर कुठून मिळाला?” यावर “सिस्टीममध्ये आला” हे उत्तर संशय वाढवतं. “मशीन घेताना बिलावर दिला होता” हे खरं असेल तर तेच सांगावं. ठाऊक नसेल तर तसं कबूल करून नंबर यादीतून काढायची तयारी दाखवावी.

“नको” हा मात्र नकार. त्याला प्रतिप्रश्न नाही. “ठीक आहे, पुन्हा फोन येणार नाही,” म्हणायचं आणि तशी नोंद लगेच करायची. ‘नंतर करा’ म्हणणाऱ्याला वार आणि वेळ विचारायची आणि ती पाळायची. कोणी ‘नंतर’ दोनदा म्हणालं की तोही नकारच समजावा.

नवी स्क्रिप्ट जमली का, हे रेकॉर्डिंग ऐकून कळतं. लोक नेमक्या कोणत्या वाक्यावर फोन ठेवतात ते लिहून काढावं. एकाच वाक्यावर वारंवार तुटत असेल तर तेच वाक्य बदलावं, सगळा कागद नव्हे. ग्राहक बोलता होऊन प्रश्न विचारू लागला असेल, तर बदल योग्य दिशेने आहे.

पण चांगली स्क्रिप्ट वाईट यादीला वाचवू शकत नाही. ‘ट्राय’च्या नियमांनुसार जाहिरातीचे कॉल नको असतील तर ग्राहक १९०९ वर डीएनडी नोंदवू शकतो, आणि टेलिमार्केटिंगसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. साध्या मोबाइल नंबरवरून, नको म्हणालेल्या माणसाला केलेला फोन कितीही गोड भाषेत असला तरी त्रासच असतो. म्हणून लिखाणाला बसण्याआधी यादी चाळावी : मशीन विकून टाकलेले, करार आधीच केलेले, नको म्हणालेले वगळावेत. उरलेल्यांना सांगण्यासारखं एक खरं कारण सापडलं, तर पहिलं वाक्य तिथेच तयार होतं.