गुढीवरचा उपडा तांब्या आणि नोकरीचा अर्ज

‘मला मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन आणि अडोबी फायरफ्लाय उत्तम येतं.’ डिझाइनची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या अर्जात हे वाक्य आता फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरच्या शेजारी जाऊन बसलं आहे. शब्दांवरून चित्र काढून देणारी ही साधनं २०२२च्या एप्रिल ते ऑगस्ट या काही महिन्यांत एकामागून एक लोकांसमोर आली. आधी डॅल-ई २, मग मिडजर्नी, मग स्टेबल डिफ्यूजन. त्यांना चित्राची मागणी ज्या मजकुरातून करायची, तो मजकूर म्हणजे प्रॉम्प्ट. तो चांगला लिहिता येणं हे कौशल्य आहे, यात वाद नाही. प्रश्न असा, की ते अर्जात दाखवायचं कसं?

सर्वसाधारण उमेदवार आठ-दहा देखणी चित्रं जोडतो. इथेच अर्ज फसतो. हातानं केलेल्या पोस्टरची सफाई करणाऱ्याचा हात सांगते. या चित्रांची सफाई मात्र साधनाची असते. अगदी ढोबळ प्रॉम्प्ट दिला तरी प्रकाश सुंदर पडतो, रंग जुळून येतात. म्हणून चित्र चांगलं दिसतं एवढ्यावरून अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. कळायला हवं ते हे, की त्याला हवं होतं तेच आलं का? आणि काय हवं होतं हेच पत्रात नसेल, तर निवड करणाऱ्यानं तपासायचं तरी कशाशी?

समजा, उपयोजित कलेची एक पदवीधर पुण्यातल्या पॅकेजिंग स्टुडिओकडे अर्ज करते आहे. तिनं एकच काम निवडलं आहे आणि ब्रीफ स्वतःच स्वतःला दिलं आहे. पाडव्यासाठी श्रीखंडाच्या डब्याचं वेष्टन करायचं. त्यावर फक्त गुढी हवी, माणसं नकोत. पार्श्वभूमी सपाट, सायीच्या रंगाची. वरचा एक तृतीयांश भाग नावासाठी मोकळा. छापील रुंदी १८ सेंटिमीटर. या अटी पत्रात आधी येतात, चित्र नंतर. मग तिचा पहिला प्रॉम्प्ट:

```
Gudi Padwa festival, traditional Maharashtrian gudhi,
beautiful, highly detailed, 8k
```

यातून काय निघेल याचा अंदाज बांधता येतो. काठीला झेंड्यासारखं फडकणारं कापड, पायाशी सुलट ठेवलेला कलश, भोवती रांगोळी, पणत्या आणि साडी नेसलेली एखादी बाई. चित्र प्रसन्न, पण मराठी घरात कुणी अशी गुढी उभारत नाही. कारण समजण्यासारखं आहे. ही मॉडेल्स चित्र आणि त्याखालची ओळ अशा असंख्य जोड्यांवरून शिकलेली असतात. त्यांच्या पाहण्यातली भांडी बहुतेक सगळी तोंड वर करून ठेवलेली. काठीच्या टोकावर उपडा घातलेला तांब्या क्वचितच, आणि जिथे असेल तिथेही खालच्या ओळीत ‘तांब्या उपडा आहे’ असं कोण लिहितो? उलट ‘फेस्टिव्हल’ आणि ‘ट्रॅडिशनल’ या शब्दांभोवती भारतातल्या सगळ्या सणांचं सामान गोळा झालेलं असतं. ‘ब्यूटिफुल’ आणि ‘८के’ हे शब्द तर वस्तूबद्दल काहीच सांगत नाहीत.

उमेदवाराची पारख आता सुरू होते. दुसऱ्या प्रॉम्प्टमध्ये ती सणाचं नाव काढून टाकते आणि गुढी कधीच न पाहिलेल्या चित्रकाराला सांगावं तसं, डोळ्यांना दिसणारं सांगते:

```
flat gouache illustration, tall bamboo pole, green silk
cloth gathered and tied near the tip, hanging straight
down, copper pot capping the tip, its base facing the
sky, neem twigs, plain cream background, empty upper
third --ar 3:4 --no flag --seed 1104
```

यातल्या दोन-तीन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत. तांब्या ‘उपडा’ आहे असं नुसतं म्हटलं तर मॉडेल पुष्कळदा तो सुलटच काढतं. म्हणून तिनं बूड आकाशाकडे असल्याचं लिहिलं, टोकावर टोपीसारखा बसल्याचं लिहिलं. ‘झेंडा नको’ हे तिनं वाक्यात घातलं नाही. वाक्यात नकार आला तरी झेंडा हा शब्द आत जातोच, आणि चित्रात झेंडा उगवण्याचा संभव उलट वाढतो. मिडजर्नीत त्यासाठी शेवटी `--no` लिहायची सोय आहे. स्टेबल डिफ्यूजनमध्ये नको असलेल्या गोष्टींची वेगळी चौकट असते.

शेवटचा आकडा निवड करणाऱ्याला सर्वांत जास्त सांगतो. अशा साधनात चित्राची सुरुवात निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून होते. तो गोंधळ कसा असेल हे सीड नावाची संख्या ठरवते. ती दिली नाही तर दर वेळी सुरुवात वेगळी, आणि चित्रात झालेला बदल नव्या शब्दामुळे झाला की नशिबानं, हे कळायला मार्गच उरत नाही. सीड कायम ठेवून एका वेळी एकच शब्द बदलणारा उमेदवार काय करतो आहे हे त्याला कळतं. पण नुसता सीड नोंदवून भागत नाही. साधनाची आवृत्ती बदलली की त्याच सीडवर तेच चित्र येत नाही, म्हणून साधनाचं नाव आणि आवृत्तीही सोबत लिहावी लागते.

यानंतर पत्राचा गाभा असलेला परिच्छेद येतो. तो साधारण असा असावा:

‘सोबतच्या पानावर एकाच गुढीची चार चित्रं आहेत. पहिल्यात कापड झेंड्यासारखं आलं आणि तांब्या जमिनीवर. दुसऱ्यात सणाचं नाव काढून आकाराचं वर्णन केलं, तेव्हा कापड सरळ झालं, पण तांब्या सुलटच राहिला. तिसऱ्यात बुडाची दिशा सांगितल्यावर तो उपडा झाला. साखरेच्या गाठीची मात्र प्रत्येक वेळी पांढऱ्या फुलांची माळ होत राहिली. गाठी मी गौशमध्ये हातानं रंगवून, स्कॅन करून चौथ्या चित्रात बसवली. ‘श्रीखंड’ हे नाव प्रॉम्प्टमधून काढलेलं नाही; ते इलस्ट्रेटरमध्ये मुक्त या फॉण्टमध्ये जुळवलं आहे. प्रत्येक चित्राखाली पूर्ण प्रॉम्प्ट, सीड आणि आवृत्ती दिली आहे.’

या परिच्छेदात फुशारकीचा एक शब्द नाही, तरी उमेदवार पूर्ण दिसते. गुढी कशी असते हे तिला ठाऊक आहे. चूक कुठे आहे ते तिला दिसतं, आणि प्रॉम्प्टचा हट्ट कधी सोडायचा हेही तिला कळतं. अक्षरांबद्दलचा तिचा निर्णय विशेष शहाणपणाचा आहे. चित्र काढणारी मॉडेल्स अक्षरंही चित्र म्हणूनच काढतात. त्यामुळे देवनागरीत काने-मात्रा भलतीकडे जातात आणि ‘श्री’सारख्या जोडाक्षराची मोडतोड होते. इंग्रजी नावं अलीकडे बरी येऊ लागली आहेत, पण डब्यावरचं नाव छपाईला जाणार असेल तर ते टाइपातच बसवलं पाहिजे.

डिझाइनच्या शिक्षणाचा उपयोग शैली सांगताना सर्वांत जास्त होतो. स्टेबल डिफ्यूजन आल्याबरोबर पोलंडचे चित्रकार ग्रेग रुत्कोव्स्की यांचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालायची लाटच आली. त्यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये असलेला अर्ज स्टुडिओनं बाजूला ठेवावा, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे. ग्राहकाच्या डब्यावर दुसऱ्याची ओळख आणून बसवणं हे डिझायनरचं काम नव्हे. ज्यानं तंत्र शिकलं आहे त्याला नावाची गरजही पडत नाही. जुन्या कॅलेंडरसारखं चित्र हवं असेल तर ‘व्हिंटेज’ म्हणून तो थांबत नाही. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला. तिथली चित्रं दगडावरून, रंगामागून रंग चढवत छापली जात. हे वाचलेला विद्यार्थी प्रॉम्प्टमध्ये क्रोमोलिथोग्राफ लिहील, रंगांचे बारीक ठिपके दिसू देत म्हणेल, एखादा रंग रेषेबाहेर किंचित सरकलेला मागेल. ही माहिती साधन पुरवत नाही, ती डोक्यात असावी लागते.

पत्रात दोन ओळी छपाईबद्दलही हव्यात, कारण स्क्रीनवरचं चित्र बघून इथे पुष्कळजण फसतात. बरीच साधनं मुळात १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र देतात. छपाईसाठी एका इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर हे चित्र साडेआठ सेंटिमीटरच्या थोडं वर जातं. आपल्या वेष्टनाला १८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाएकवीसशेच्या आसपास पिक्सेल हवेत. चित्र मोठं करून देणारी सोय असते, पण मोठं करताना कडुलिंबाच्या पानांच्या कडांवर नसलेले तपशील उगवतात. ते प्रूफ काढूनच तपासावे लागतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा चार रंगांच्या छपाईत मलूल पडतो, म्हणून रेशमी कापडाचा रंग सीएमवायकेमध्ये पुन्हा लावावा लागतो. उमेदवारानं हे केलं असेल तर सांगावं. केलं नसेल तर छपाईचा उल्लेखच टाळावा.

किती प्रॉम्प्ट लिहिले याचा आकडा देण्याचा मोहही टाळलेला बरा. अमेरिकेत जेसन ॲलन यांच्या मिडजर्नीवर केलेल्या चित्राला २०२२मध्ये कोलोरॅडो स्टेट फेअरमध्ये बक्षीस मिळालं. त्यासाठी किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट आणि सुधारणा दिल्याचं त्यांनी सांगितलं होतं. तरीही साधनानं निर्माण केलेल्या भागावर हक्क सोडायला ते तयार नसल्यामुळे तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं २०२३मध्ये चित्राची नोंदणी नाकारली. पॅकेजिंग स्टुडिओला याची थेट झळ लागते. डब्याचं चित्र आपल्या मालकीचं आहे का, हे ग्राहक विचारणारच, आणि त्याचा माल परदेशी जात असेल तर आधी विचारेल. म्हणून कुठला भाग साधनानं काढला, कुठला हातानं, हे पत्रात लिहिलेलं असेल तर स्टुडिओला ते ग्राहकापुढे ठेवता येतं. गाठी हातानं रंगवल्याचं वाक्य इथेही कामाला येतं.

एवढं सगळं एका पानाच्या पत्रात आणि दोन पानांच्या पीडीएफमध्ये मावतं. दुसऱ्याचे प्रॉम्प्ट उचलून असं पत्र तयार करता येणार नाही का? येईल. पण मुलाखतीत ते टिकत नाही. निवड करणाऱ्यानं लॅपटॉप पुढे ठेवून एवढंच सांगावं: हीच गुढी आता खिडकीतून तिरकी बाहेर आलेली दाखवा, तांब्या उपडाच राहिला पाहिजे. मग उमेदवाराचा पहिला हात कुठे जातो ते बघावं. तिनं जुना प्रॉम्प्ट उघडला, काठीच्या वर्णनाला फक्त तिरकेपणा जोडला आणि चित्र आल्याआल्या नजर थेट टोकावर नेली, की काम तिचंच आहे हे कळतं. काठी तिरकी झाली की तांब्या पुन्हा सुलट होण्याची किंवा टोकावरून सुटून हवेत तरंगण्याची भीती असते. तसं झालंच तर ती बुडाच्या दिशेचं वाक्य बदलते की कागद-पेन्सिल मागते, हे बघण्यासारखं आहे. दोन्ही उत्तरं स्टुडिओच्या उपयोगाची आहेत.