कळ आधी, की ठोका आधी?

लेबर रूममधल्या सीटीजी यंत्रातून बाहेर पडणाऱ्या कागदावर दोन रेषा उमटत असतात. वरची रेषा बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची, खालची आईच्या कळांची. नातेवाइकांचे डोळे वरच्या रेषेवर आणि शेजारच्या चमकणाऱ्या आकड्यावर खिळलेले असतात. १४० दिसले की हायसं वाटतं, ११५ झाले की धस्स होतं. अनुभवी सिस्टर मात्र दोन्ही रेषा एकत्र वाचते. ठोके किती घसरले याच्याही आधी तिला जाणून घ्यायचं असतं की ते कळेच्या कोणत्या क्षणी घसरले आणि कधी सावरले.

पूर्ण दिवसांच्या बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० असतात. ते एका आकड्यावर स्थिर नसतात, सतत थोडे वरखाली होतात, त्यामुळे रेषा करवतीसारखी दातेरी दिसते. हे दाते बाळाचा मेंदू आणि हृदय यांचा संवाद नीट चालल्याचं चिन्ह आहे. या पायाभूत रेषेला मध्येच पडणारा खड्डा म्हणजे डिसेलरेशन. त्याचे मुख्य प्रकार तीन: अर्ली, लेट आणि व्हेरिएबल.

नमुन्यादाखल एक बाळंतपण पाहू. पहिलटकरीण, दिवस भरलेले, कळा वाढाव्यात म्हणून ऑक्सिटोसिनची सलाईन लावलेली. बाळाचे ठोके १४०, रेषा छान दातेरी. दोन तासांनी कळा दहा मिनिटांत सहा येऊ लागतात. पाचाहून जास्त कळा म्हणजे गर्भपिशवीला पुरेशी उसंतच नाही. मग कागदावर एक नवा आकार दिसतो. कळ चढते, शिखर गाठते, उतरू लागते आणि ठोके त्यानंतर आपला तळ गाठतात, १४० वरून १२० वर. कळ पूर्ण ओसरली तरी ते लगेच वर येत नाहीत, सावकाश सावरतात. पुढच्या कळेला तेच, त्यापुढच्याही कळेला तेच.

हे लेट डिसेलरेशन. वीस ठोक्यांची घसरण डोळ्यांना किरकोळ वाटते आणि धोका इथेच आहे. कळ आली की गर्भपिशवीचे स्नायू आवळतात आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तेवढा वेळ बाळ, पाण्यात बुडी मारलेल्या पोहणाऱ्यासारखं, साठ्यातल्या ऑक्सिजनवर काढतं. दोन कळांच्या मध्ये साठा पुन्हा भरतो. कळा फार जवळ आल्या, आईचा रक्तदाब घसरला किंवा वार मुळातच अशक्त असली तर साठा पुरत नाही. ऑक्सिजन एका पातळीखाली उतरल्यावरच हृदय मंदावतं, म्हणून घसरण उशिरा सुरू होते. कळ संपल्यावर साठा भरायला वेळ लागतो, म्हणून ती उशिरा संपते.

कारण कळलं की सिस्टर काय करते आणि का करते, हेही कळतं. “ताई, डाव्या कुशीवर व्हा बघू,” असं म्हणत ती आईला वळवते. उताणं झोपल्यावर जड गर्भपिशवीचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, तो कुशीवर होताच हटतो. ऑक्सिटोसिन ती तिथल्या तिथे बंद करते. मग नाडी, रक्तदाब. पाठीतून वेदनाशामक इंजेक्शन दिलेलं असेल तर रक्तदाब उतरलेला असण्याची शक्यता बरीच असते, अशा वेळी साधी सलाईन जोरात सोडतात. डॉक्टरांना निरोप जातो आणि प्रत्येक कृतीची वेळ केसपेपरवर लिहिली जाते. ऑक्सिटोसिनचा असर रक्तातून काही मिनिटांत ओसरू लागतो. आपल्या उदाहरणात अर्ध्या तासात कळा दहा मिनिटांत चारवर येतात आणि उशिराचे खड्डे नाहीसे होतात. ते गेले नसते आणि रेषेचे दातेही सपाट झाले असते, तर वाट पाहण्यात अर्थ नव्हता, बाळंतपण लवकर उरकण्याची तयारी लागली असती. सपाट रेषेवरचा उथळ लेट खड्डा दातेरी रेषेवरच्या खोल खड्ड्यापेक्षा वाईट असतो.

नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावणं ही पूर्वी अशा वेळची ठरलेली रीत होती. आईच्या रक्तातला ऑक्सिजन मुळात पुरेसा असेल तर त्याने बाळाचा फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने तो सरसकट न वापरण्याचा सल्ला दिला आहे. अडचण वारेपर्यंत रक्त पोचण्याची असते. मास्क ती सोडवत नाही.

त्याच आईच्या पिशवीचं तोंड उघडत जातं आणि बाळाचं डोकं खाली सरकतं. आता खड्डे पुन्हा दिसतात, पण आकार वेगळा. कळेबरोबर ठोके हळूहळू उतरतात, कळ शिखरावर असताना तळाशी असतात आणि कळ संपताना जागेवर येतात. जणू वरच्या रेषेत खालच्या रेषेचं उलटं प्रतिबिंब. कळेत डोकं दाबलं गेल्याने व्हेगस नावाची नस चाळवते आणि हृदय मंदावतं. यात ऑक्सिजनची कमतरता नसते. या अर्ली डिसेलरेशनसाठी काहीही उपचार नको. सिस्टर नोंद करते, प्रगती पाहते आणि लक्ष ठेवते. इथे उगाच घाई करणं हीच चूक.

व्हेरिएबलचा स्वभाव निराळा. ठोके अर्ध्या मिनिटाच्या आत एकदम किमान पंधराने, कधी साठ-सत्तरने कोसळतात आणि तितक्याच झटक्यात वर येतात. प्रत्येक खड्ड्याचा आकार आणि कळेशी असलेलं अंतर वेगळं. इथे दबलेली असते नाळ. तिच्यातल्या रोहिण्या दाबल्या गेल्या की बाळाचा रक्तदाब एकदम चढतो आणि तो आवरण्यासाठी हृदय वेग टाकतं. म्हणून आधी कुशी बदलायची: डावी, मग उजवी, प्रसंगी गुडघे-कोपरांवर. बऱ्याचदा तेवढ्याने नाळ मोकळी होते. अधूनमधून येणारे आणि झटपट सावरणारे व्हेरिएबल खड्डे पुष्कळ बाळंतपणांत दिसतात. ते प्रत्येक कळेला, जास्त खोल आणि जास्त वेळ येऊ लागले तर डॉक्टरांना बोलवायचं.

पाणमोट फुटल्याबरोबर ठोके कोसळले तर मात्र आधी आतून तपासणी. नाळ बाळाच्या पुढे घसरून खाली आली असेल तर तपासणारी व्यक्ती बोटांनी बाळाचं डोकं वर उचलून धरते आणि सिझरच्या टेबलापर्यंत हात काढत नाही. नाळेला शक्यतो हात लावत नाहीत, कारण हाताळल्याने तिच्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. कागद मिनिटाला १ किंवा ३ सेंटीमीटर वेगाने सरकतो. १ च्या वेगावर संथ घसरणही कड्यासारखी उभी दिसते, म्हणून वाचण्याआधी वेग पाहावा लागतो. कधी यंत्र आईचीच नाडी बाळाची म्हणून छापतं. त्यामुळे आईच्या मनगटावर बोटं ठेवून खात्री करतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या डब्लिनच्या चाचणीत सुमारे १३ हजार स्त्रिया होत्या. सतत यंत्र लावलेल्या गटात नवजात बाळांना येणाऱ्या झटक्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण पुढे सेरेब्रल पाल्सीत फरक दिसला नाही.

जिथे सीटीजी नाही तिथे पोटावरचा हात आणि डॉपलर हेच काम करतात. सुरुवातीच्या टप्प्यात दर अर्ध्या तासाने, जोर करण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात, किमान एक मिनिट, कळेत सुरुवात करून कळ ओसरल्यावर निदान अर्धा मिनिट. दोन कळांच्या मधल्या शांततेत डॉपलर टेकवून लगेच उचलला तर १४० ऐकू येतात, आणि लेट डिसेलरेशन तेवढ्यात होऊन गेलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये ठोक्यांच्या आकड्याखाली घसरणीसाठी वेगळी ओळ आहे ती याचसाठी.