काम सारखंच, मग पगारवाढ वेगळी का?

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत चहाच्या टपरीवर एकच विषय असतो: कुणाला किती हाइक मिळाली. बाणेरमधल्या चाळीसेक माणसांच्या एका स्टार्टअपच्या संस्थापिकेनं त्या आधीच सगळ्यांना ऑल-हँड्स बैठकीत बोलावलं आणि पगार कसे ठरतात ते आकड्यांसकट सांगितलं. नोकरी करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं ते भाषण होतं.

त्यांची सुरुवातच अनेकांना खटकली. पगार आधी माणसाचा ठरत नाही, जागेचा ठरतो, असं त्या म्हणाल्या. कंपनी प्रत्येक लेव्हलसाठी एक बँड ठरवते, म्हणजे किमान आणि कमाल पगाराची चौकट. बाजारात त्या कामाला काय मिळतं याची पाहणी करून सल्लागार कंपन्या ती माहिती विकतात, तिच्यावरून बँडचा मध्य धरला जातो. सीनियर डेव्हलपरचा बँड त्यांनी फळ्यावर लिहिला: वर्षाला १६ ते २४ लाख, मध्य २० लाख.

मग त्यांनी दोन काल्पनिक माणसं घेतली. दोघंही सीनियर डेव्हलपर, दोघांनाही वर्षअखेरीस ‘उत्कृष्ट’ शेरा. पहिलीचा पगार १७ लाख, म्हणजे मध्याच्या ८५ टक्के. दुसऱ्याचा २३ लाख, म्हणजे ११५ टक्के. कंपनीच्या तक्त्यात एका बाजूला शेरा असतो आणि दुसऱ्या बाजूला बँडमधली जागा. दोन्ही जिथे मिळतात तिथे वाढीची टक्केवारी. पहिलीला १४ टक्के, म्हणजे २ लाख ३८ हजार मिळाले आणि ती १९ लाख ३८ हजारांवर गेली. दुसऱ्याला ६ टक्केच. त्याचे १ लाख ३८ हजार होतात, पण एक लाखालाच त्याचा बँड संपतो. उरलेले ३८ हजार त्याला एकरकमी बोनस म्हणून मिळतात, आणि ते पुढच्या वर्षीच्या पगारात धरले जात नाहीत.

हा दुसऱ्यावर अन्याय आहे का? मला तसं वाटत नाही. तो बाजारभावापेक्षा वर आहेच. अजून वर जायचं तर त्याला पुढच्या लेव्हलची जबाबदारी घ्यावी लागेल. पण हे त्याला कुणी सांगितलंच नाही, तर ‘उत्कृष्ट काम करूनही फक्त ६ टक्के’ एवढंच त्याच्या लक्षात राहतं आणि तो दुसरीकडे अर्ज करू लागतो.

टक्के इतके मोजूनमापून का, याचं कारण बजेट. त्या कंपनीचा वर्षाचा पगारखर्च ६ कोटी आणि वाढीसाठी ठेवलेले ९ टक्के, म्हणजे ५४ लाख. सगळ्यांनाच ‘उत्कृष्ट’ दिलं तरी ५४ लाखांचे ६० होत नाहीत. तक्त्यातले टक्केच खाली येतात. म्हणून सगळे मॅनेजर एकत्र बसून एकमेकांचे शेरे तपासतात. माझ्या मते ही या पद्धतीतली सर्वात कच्ची जागा आहे. बँड कितीही नेटका असला तरी मॅनेजर आपल्या माणसाची बाजू किती ठामपणे मांडतो, यावर शेरा हलतो.

दुसरी अडचण बाहेरून येते. आपल्याकडे मुलाखतीत आधीची पगाराची स्लिप मागतात आणि तिच्यावर काही टक्के चढवून ऑफर देतात. आधी कमी मिळत होतं, तर इथेही कमीच मिळतं. उलट, बाजार तेजीत असताना आलेला नवा माणूस त्याच कामाला २१ लाख घेऊन बसतो आणि शेजारी तीन वर्षं राबलेली व्यक्ती १७ वर असते. मॅसॅच्युसेट्ससारख्या काही अमेरिकी राज्यांत आधीचा पगार विचारायलाच कायद्यानं मनाई आहे. या संस्थापिकेनं स्लिप मागणं बंद केलं आणि ५४ पैकी ९ लाख फक्त असे मागे राहिलेले पगार वर आणायला बाजूला काढले. ही रक्कम शेऱ्यावर अवलंबून नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बँड शिळा झाल्याची खूणही त्यांनी सांगितली: उमेदवार एकामागून एक ऑफर नाकारू लागले, किंवा प्रत्येक नवी नेमणूक कमाल आकड्याजवळच होऊ लागली, तर मध्य चुकला आहे.

मग सगळ्यांचे पगार उघडच का करू नयेत, असं एका मुलीनं विचारलं. बफर या अमेरिकी कंपनीनं २०१३ मध्ये पगाराचं सूत्र आणि प्रत्येकाचा पगार जगासमोर ठेवला होता. इथे एवढी तयारी नव्हती. ज्यानं खासगी म्हणून पगार मान्य केला, त्याला न विचारता तो उघड करणं संस्थापिकेला पटत नव्हतं. पण यापुढे वाढीच्या पत्रात प्रत्येकाला आपली लेव्हल, बँडची दोन्ही टोकं आणि त्यातली आपली जागा लिहून मिळेल, हे त्यांनी कबूल केलं. शेरा का मिळाला याची कारणंही त्याच पत्रात हवीत, असा त्या मुलीचा पुढचा आग्रह होता, आणि तो रास्त होता.