बदली एका तारखेची, रजा दोन साहेबांची

हिशेब विभागातल्या एका कर्मचारी बाईंची खरेदी विभागात बदली झाली आहे, असं समजा. बदली लागू होणार सोमवार, १ डिसेंबर २०२५ पासून. घरात लग्न असल्याने २६ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर ही रजा त्यांनी आधीच टाकली होती आणि जुन्या साहेबांनी ती मंजूरही केली होती. तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खरेदी विभाग त्यांची वाट पाहत बसतो. नव्या साहेबांना रजेची कल्पनाच नसते.

बहुतेक कंपन्यांच्या पोर्टलवर रजेचा अर्ज टाकला की तो त्या दिवशी जे साहेब नावावर असतील त्यांच्याकडे जातो. रजेच्या मधेच साहेब बदलणार आहेत, हे पोर्टल सहसा पाहत नाही. उलटही होतं. अर्ज जुन्या साहेबांकडे पडून राहतो, तेवढ्यात बदली लागू होते, आणि पगाराची कामं सुरू झाली तरी तो 'प्रलंबित' दिसतो. मग ते दिवस बिनपगारी धरले जाण्याची भीती.

म्हणून दोघांचीही संमती हवी, आणि ती केवळ शिष्टाचारापोटी नव्हे. जुन्या साहेबांना पाहायचं असतं की २५ तारखेपर्यंत कामाचा हँडओव्हर पुरा होतो का. कारण रजेवरून परतल्यावर बाई त्यांच्या विभागात येणारच नाहीत. नव्या साहेबांना बघायचं असतं की पहिला आठवडा त्यांच्याविना निभावेल का, की रुजू होण्याची तारीखच ८ डिसेंबर करून घेणं सोयीचं.

सोपा मार्ग म्हणजे रजेचे दोन अर्ज करायचे. बुधवार ते शुक्रवार, २६ ते २८ नोव्हेंबर, हे तीन दिवस जुन्या साहेबांकडे. १ ते ५ डिसेंबर हे पाच दिवस नव्यांकडे. इथे एक मेख आहे. २९-३० हा शनिवार-रविवार दोन्ही अर्जांच्या मधे येतो. रजेच्या मधली सुट्टीही रजेत मोजण्याचा नियम कंपनीत असेल, तर एकूण आठऐवजी दहा दिवस कापले जातात. अर्ज दोन केले म्हणून ते दोन दिवस आपोआप वाचत नाहीत. एचआरला आधी विचारावं, नाहीतर नंतर लपवाछपवीचा संशय येतो.

नवे साहेब पोर्टलवर अजून दिसत नसतील, तर दोघांना एकाच ईमेलमध्ये तारखा कळवून, एचआरला प्रत ठेवून, लेखी होकार घ्यावा. तोंडी 'जा तुम्ही' पगाराच्या वेळी कामाला येत नाही. १ तारखेनंतर पोर्टलमध्ये ते पाच दिवस नव्या साहेबांच्या नावाने मंजूर दिसतात का, तेही एचआरकडून तपासून घ्यावं.

शिल्लक रजा मात्र साहेबांची नसते, कंपनीची नोंद असते; विभाग बदलला म्हणून ती कमी होत नाही. बदली समूहातल्या दुसऱ्याच कंपनीत असेल, तर शिल्लक पुढे जाते की तिचे पैसे मिळतात, हे बदलीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्या.