क्वेचुआचे तीन स्वर आणि एक रिकामा रकाना

पेरू देशातल्या कुस्को भागात क्वेचुआ भाषा बोलतात. तिथे चंद्राला ‘किल्या’ म्हणतात आणि आळशी माणसाला ‘क़ेल्या’. फक्त स्पॅनिश येणाऱ्या माणसाला हे दोन शब्द ऐकवले तर तो सांगेल की एकात ‘इ’ आहे, दुसऱ्यात ‘ए’, बाकी सगळं सारखं. क्वेचुआ मातृभाषा असलेल्याला मात्र फरक पहिल्या व्यंजनातच कळतो. चंद्राचा ‘क’ आपल्या ‘क’सारखा आहे. आळशाचा ‘क़’ त्याहून मागे, पडजिभेपाशी उमटतो, उर्दूतल्या ‘क़लम’सारखा. तो म्हणायला जीभ मागे ओढली जाते आणि शेजारच्या ‘इ’ला उंची सांभाळणं जड जातं, तो ‘ए’कडे घसरतो. ‘उ’चंही तसंच होतं. डोंगर म्हणजे ‘ओर्क़ो’ आणि हृदय म्हणजे ‘सोन्क़ो’. मध्ये ‘र’ किंवा ‘न’ आला तरी क़चा प्रभाव मागच्या स्वरापर्यंत पोचतो.

मग या भाषेत स्वर किती? कानाने मोजले तर पाच: इ, ए, आ, ओ, उ. पण ‘ए’ आणि ‘ओ’ अस्सल क्वेचुआ शब्दांत कुठे येतात ते पाहिलं, तर ते क़च्या आसपासच सापडतात, आणि तिथे ‘इ’ आणि ‘उ’ सापडत नाहीत. म्हणजे केवळ ‘इ’च्या जागी ‘ए’ घालून या भाषेत नवा शब्द तयार होत नाही. अर्थ बदलण्याच्या कामी येणारे स्वर तीनच आहेत: इ, आ, उ.

भाषाशास्त्रात प्रत्येक स्वराचे गुण मांडतात. जीभ वर उचललेली आहे का, तोंड पूर्ण उघडं आहे का, जीभ मागे आहे का, ओठ गोल आहेत का. तीन स्वर आणि चार प्रश्न म्हणजे बारा रकाने, आणि प्रत्येकात होय किंवा नाही. बारा उत्तरं खरी असली तरी सगळी कामाची नाहीत. तोंड पूर्ण उघडं आहे एवढं सांगितलं की ‘आ’ ओळखू येतो. त्याचे ओठ गोल नाहीत हे वेगळं सांगावं लागत नाही. एका स्वराला दुसऱ्यापासून वेगळं करणाऱ्या गुणाला भेदक गुण म्हणतात. इतर गुणांवरून आपोआप कळतो तो ओघाने येणारा गुण. मनातल्या शब्दात फक्त भेदक गुण नोंदवायचे आणि बाकीचे रकाने कोरे ठेवायचे, या कल्पनेला अल्पनिर्देश म्हणतात.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण इथे एक खड्डा आहे. ‘उ’ म्हणताना जीभ मागे असते आणि ओठ गोल असतात. ‘इ’ म्हणताना दोन्ही नसतं. जीभ मागे आहे हे कळलं की ‘इ’-‘उ’पैकी ओठ कोणाचे गोल, ते सांगता येतं; ओठ कळले की जीभही सांगता येते. म्हणजे दोन्ही गुण एकमेकांवरून कळतात. ‘जे जे कळतं ते खोडा’ असा नियम लावला तर दोन्ही खोडावे लागतील आणि ‘इ’ व ‘उ’ यांत काही फरकच उरणार नाही. स्वरांच्या जोड्या लावून त्यांच्यातला एकमेव फरक शोधणारी पद्धतही इथेच अडते, कारण तीनपैकी कोणतीही जोडी घेतली तरी तिच्यात एकाहून जास्त फरक आहेत.

वाट निघते ती प्रश्नांना क्रम लावल्याने. कॅनडातले भाषाशास्त्रज्ञ एलन ड्रेशर यांनी 2009 च्या आपल्या पुस्तकात या क्रमाच्या कल्पनेची सविस्तर मांडणी केली आहे. आधी विचारा, तोंड पूर्ण उघडं आहे का? होय म्हणणारा ‘आ’ एकटाच, त्याचं काम संपलं. उरलेल्या दोघांना विचारा, ओठ गोल आहेत का? होय म्हणणारा ‘उ’, नाही म्हणणारा ‘इ’. ‘आ’चं एक उत्तर आणि बाकी दोघांची दोन-दोन, अशी बारापैकी पाच उत्तरं पुरतात. जीभ किती उंच, हा प्रश्न विचारलाच नाही.

ओठांचा प्रश्न आधी विचारला असता तरीही उत्तरं पाचच लागली असती. ‘उ’ लगेच बाजूला पडला असता, मग ‘आ’ आणि ‘इ’ वेगळे झाले असते. तेव्हा केवळ काटकसरीच्या हिशेबावर क्रम ठरत नाही, तो भाषेच्या वागण्यावरून ठरवावा लागतो. क्वेचुआत क़ खाली ओढतो तो ‘इ’ आणि ‘उ’ या दोघांना मिळून. हे दोघे एका गटासारखे वागतात, तर त्यांच्यावर सामाईक खूण हवी. ‘तोंड पूर्ण उघडं नाही’ ही ती खूण. पहिल्या क्रमात ती दोघांवर आहे. दुसऱ्या क्रमात ‘उ’वर ती नाहीच. म्हणून मला पहिला क्रम पटतो.

आता कोऱ्या ठेवलेल्या उंचीच्या रकान्याकडे वळू. शेजारी क़ असेल तर तो तिथे ‘उंच नाही’ असं भरतो आणि आपल्याला ‘ए’ किंवा ‘ओ’ ऐकू येतो. क़ नसेल तर शेवटी एक सर्वसाधारण नियम ‘उंच’ भरतो आणि ‘इ’ किंवा ‘उ’ उमटतो. रकाना आधीच ‘उंच’ने भरलेला असता, तर क़ला तो पुसून पुन्हा लिहावा लागला असता. एक सावधगिरी मात्र हवी. 1967 मध्ये रिचर्ड स्टॅनली यांनी दाखवून दिलं होतं की कोरा रकाना हे होय आणि नाही यांच्या जोडीला तिसरं उत्तर म्हणून वापरलं तर मांडणीच फसते. कोरा म्हणजे अजून न भरलेला, एवढाच त्याचा अर्थ.

उंची खरोखर क़कडून येते, याचा पडताळा इक्वाडोरमध्ये मिळतो. तिथल्या किच्वा बोलीत क़ हा साध्या ‘क’मध्ये मिसळून गेला. आणि क़ गेल्याबरोबर ‘ए’-‘ओ’ही गेले. डोंगर ‘उर्कु’ झाला, हृदय ‘शुंकु’, आणि चंद्र व आळशी दोघेही ‘किल्या’. ‘ए’ स्वतंत्र असता, तर आळशी माणूस तिथे ‘केल्या’ राहिला असता.

असा ओघाने येणारा गुण आपल्या तोंडीही आहे. ‘मूल’मधला ‘ऊ’ लांबतो, ‘मुलाला’ म्हणताना आखूड होतो. ही लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते, तिच्यामुळे अर्थ बदलत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, पण बहुतेकांच्या बोलण्यात एकच. शुद्धलेखनात ह्रस्व-दीर्घाची वेलांटी चुकते तेव्हा मुलाचा कान कच्चा नसतो; ज्या फरकाला बोलण्यात जवळजवळ काही काम नाही, तो त्याला पाठ करावा लागत असतो.

पेरूत हाच प्रश्न वादाचा झाला. 1975 मध्ये क्वेचुआला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, आणि 1985 मध्ये सरकारी वर्णमाला पाच स्वरांवरून तीनवर आली. त्यानुसार ‘ओर्क़ो’ हा शब्द ‘उर्क़ु’ असा लिहायचा. वाचणारा क़ पाहून स्वर आपोआप खाली आणतो. भाषाशास्त्रज्ञ रोडोल्फो सेरॉन-पालोमिनो तीन स्वरांच्या बाजूचे. कुस्कोची क्वेचुआ अकादमी मात्र पाचच स्वर हवेत म्हणते. तीन स्वरांचं लेखन भाषेच्या घडणीला धरून आहे असं मला वाटतं, पण अकादमीच्या लोकांना ‘ए’ उगाच ऐकू येत नाही. स्पॅनिशमध्ये शिकलेल्याचा कान ‘इ’ आणि ‘ए’ वेगळे धरायला तयार झालेला असतो.

आणि स्पॅनिशमधून आलेले शब्द हा हिशेबही बदलतात. ‘मेसा’ म्हणजे टेबल, ‘मिसा’ म्हणजे चर्चमधली प्रार्थना. फक्त क्वेचुआ बोलणारी म्हातारी माणसं दोन्हीला ‘मिसा’च म्हणतात, कारण जवळ क़ नाही आणि रकाना ‘उंच’नेच भरला जातो. दोन्ही भाषा सफाईने बोलणारा त्यांचा नातू ‘मेसा’ म्हणतो. त्याच्या शब्दात तिथे ‘उंच नाही’ हे आधीच लिहिलेलं आहे.