पंचेचाळीस चौकोनांचा वाडा

दहा पात्रांच्या नाटकात जोड्या किती होतात? पंचेचाळीस. पहिला खर्डा लिहिणारा त्यातल्या सात-आठ जोड्यांवरच सगळं नाटक रेटतो आणि बाकीची माणसं चहाचे कप आणून ठेवतात. हे उशिरा कळू नये म्हणून काही लेखक आधी तक्ता मांडतात. डावीकडे सगळी नावं, वरच्या ओळीत तीच नावं, आणि प्रत्येक रकान्यात एकच वाक्य: डावीकडच्याला वरच्याकडून काय हवंय?

या तक्त्याला महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ लावून पाहावं. विजया मेहतांनी 1985 साली रंगमंचावर आणलेल्या या नाटकात तात्याजींच्या मृत्यूनंतर देशपांड्यांचं कुटुंब वाड्यात जमतं. भास्कर आणि मुंबईहून आलेला सुधीर यांचा रकाना सहज भरतो. दिवसकार्याचा खर्च आणि इस्टेट आहेच. पण नवीन लेखक इथेच थांबला असता. तक्ता त्याला पुढच्या चौकोनांकडे ढकलतो.

समजा, असंच कुटुंब घेऊन कुणी नवं नाटक लिहितोय. शिकायचं राहून गेलेली प्रभा आणि घरी शिकवणी असूनही सिनेमात रमलेली रंजू, आत्या-भाचीचा हा रकाना कोरा आहे. एकीला जे मिळालं नाही तेच दुसरी वाया घालवतेय. संघर्ष तिथे तयारच पडलाय, फक्त दोघींना एका प्रसंगात आणायचं राहिलंय. प्रभा आणि चंदूचं उलटं. दोघंही अविवाहित, दोघंही घरासाठी झिजलेली. ती वाटणीच्या वेळी एकत्र बोलली, तर दोन भावांच्या भांडणाला तिसरी बाजू फुटते. न वापरलेली युती म्हणजे हीच.

रकान्यात ‘प्रेम’, ‘आदर’, ‘मत्सर’ असे शब्द दिसू लागले की तक्ता फसलाय असं समजावं. त्यातून प्रसंग निघत नाही. ‘सुधीरनं खर्चातला वाटा उचलावा’ यातून निघतो. दोन्ही बाजू वेगळ्या लिहायच्या, कारण भास्करला सुधीरकडून जे हवंय ते सुधीरला भास्करकडून हवं असेलच असं नाही. म्हणजे रकाने नव्वद होतात, आणि एक संध्याकाळ जाते.

सगळे भरायचा हट्ट मात्र धरू नये. पंचेचाळीस भांडणांचं नाटक प्रेक्षकाला सोसत नाही. कोऱ्या रकान्यापाशी एवढंच विचारायचं, की हा जाणूनबुजून कोरा ठेवलाय का? वाड्यातली दादी पुन्हापुन्हा वेळ विचारते, गेलेल्या मुलाला हाका मारते. इतरांच्या वाटणीच्या हिशोबात ती नाहीच. तिची ओळ जवळपास रिकामीच राहील, आणि ती तशीच राहू द्यावी.